लेख पाठवण्याआधीचं एक पान: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळी अंकांची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. मे-जूनच्या सुमारास संपादक एक निवेदन काढतात. त्यात विषय, शब्दमर्यादा आणि शेवटची तारीख असते, शिवाय ‘साहित्य अप्रकाशित असावे’ आणि ‘आधी दीडशे शब्दांचं टिपण पाठवा, पूर्ण लेख नको’ अशा ओळी असतात. अंकात चंद्रपूर-गडचिरोलीवर वेगळा विभाग करायचा ठरला, तर हे पान आणखी लांबतं. या जिल्ह्यांवर येणारी टिपणं बहुधा तीनच वाटांनी येतात: ताडोबाचा वाघ, मेंढा-लेखाचं स्वराज्य आणि झाडीपट्टीचं नाटक. तिन्ही विषय उत्तम आहेत, पण बहुतेक टिपणं वाचवत नाहीत. सूचनांचं पान त्यासाठीच असतं, आणि त्याच्याविषयी लेखकांमध्ये बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: सूचना म्हणजे नव्या लेखकाला दारातच अडवायची सोय.

वस्तुस्थिती उलट आहे. नव्या लेखकाचं जास्त नुकसान होतं ते सूचना लिहिलेल्या नसतात तेव्हा. ‘साभार परत’ हे दोन शब्द मराठीत इतके बदनाम झाले, त्याचं मोठं कारण म्हणजे लेख का परत आला हे कळायची सोय बहुतेक ठिकाणी नव्हती. अपवाद होते. ‘सत्यकथा’चे राम पटवर्धन कच्च्या कथेवरही बारकाईने पत्रं लिहीत आणि लेखकाकडून पुन्हा लिहून घेत. पण त्याच ‘सत्यकथे’ची 1969 मध्ये होळी झाली. राजा ढाले आणि त्यांच्या सोबतच्या तरुण लेखकांचा राग मासिकाच्या अभिरुचीवर होता, आणि अभिरुची कुठल्याही पानावर लिहिलेली नसते. तिच्याशी भांडायचं तर अंकच जाळावा लागतो.

लिहिलेल्या सूचनेचं तसं नाही. ‘प्रत्येक दाव्यामागे कागद किंवा माणूस हवा’ असं छापलं, की ती अट नामवंतालाही लागू होते आणि संपादकालाही. एखाद्या प्राध्यापकाचं पोकळ टिपण घेऊन गुरवळ्याच्या शिक्षकाचं भरीव टिपण परत केलं, तर त्या शिक्षकाला तेच पान संपादकापुढे धरता येतं. अशी अडचण नको म्हणून काही संपादक सूचना मुद्दाम मोघम ठेवतात, असा माझा कयास आहे.

गैरसमज: विषय मोलाचा असेल, तर टिपण आपोआप मोलाचं ठरतं.

हा सगळ्यांत पक्का गैरसमज आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. उदाहरणासाठी एक टिपण मीच रचतो. नमुना काल्पनिक असला, तरी अशा धाटणीची टिपणं कुठल्याही संपादकाच्या ओळखीची आहेत.

‘मेंढा-लेखा: ग्रामस्वराज्याचा दीपस्तंभ. धानोरा तालुक्यातल्या या चिमुकल्या गोंड गावाने देशाला दिशा दिली. वनहक्क मिळवणारं हे देशातलं पहिलं गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रेरणेने गावाने बांबूसाठी लढा दिला. अखेर 2017 मध्ये सरकारने बांबूला झाडांच्या यादीतून वगळलं आणि या लढ्याला यश आलं. या प्रेरणादायी प्रवासाचा मागोवा.’

भाषा शुद्ध आहे, शब्दमर्यादा पाळली आहे आणि नावं खरी आहेत. तरी हे टिपण परत जाईल, आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण असं, की यातलं वाचकाला नवं काहीच नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा महाराष्ट्राने कित्येक वर्षांपासून ऐकली आहे. ‘साहित्य अप्रकाशित असावे’ याचा अर्थ तुमचा मजकूर दुसरीकडे छापलेला नसावा एवढाच नाही. जे वाचकाने पूर्वीच वाचलंय, ते तुमच्या शब्दांत पुन्हा सांगणंही त्या अटीत बसत नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. लढ्याचा शेवट चुकीच्या साली दाखवलाय. 1927 च्या भारतीय वन कायद्यात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूही होता. 2006 च्या वनहक्क कायद्याने मात्र बांबूची गणना गौण वनउपजात केली, आणि गौण वनउपजाची मालकी जंगलावर परंपरेने जगणाऱ्यांना दिली. मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला 2009 मध्ये. त्याच सुमारास गडचिरोलीतल्या मर्द्यालाही असा हक्क मिळाला, त्यामुळे ‘देशातलं पहिलं गाव’ हे एकट्या मेंढ्याबद्दल म्हणतानाही जपून म्हणावं लागतं. हक्क हाती आला, पण तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो द्यायला वनखातं तयार नव्हतं. एका कायद्यानं बांबू झाड होता, दुसऱ्यानं गौण वनउपज, आणि भांडण त्या दोहोंच्या मध्ये अडकलं होतं. ते सुटलं 27 एप्रिल 2011 रोजी. त्या वेळचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

मग 2017 मध्ये काय झालं? तेव्हाच्या दुरुस्तीने 1927 च्या कायद्यातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून बांबू काढला. तिचा हेतू वनक्षेत्राबाहेर, म्हणजे शेतात किंवा बांधावर लावलेला बांबू तोडता-विकता यावा, हा होता. मेंढ्याचा बांबू जंगलातला आहे. त्याचा प्रश्न या दुरुस्तीच्या सहा वर्षं आधीच वेगळ्या कायद्याने सुटला होता. बातम्यांचे मथळे वाचून गोष्ट रचली, की ‘बांबू’ हा एकच शब्द पाहून अशी दोन वेगळी प्रकरणं एकमेकांत मिसळतात.

संपादकाला वनकायदा तोंडपाठ नसतो. तरी ही चूक त्याला पकडता येते, ती सूचनांमधल्या एका साध्या अटीमुळे: टिपणातल्या प्रत्येक सालापुढे ते कुठून घेतलं हे लिहा. ज्याने 2009 चं हक्कपत्र पाहिलंय किंवा परवाना पाहिलेल्या माणसाशी बोलणं केलंय, त्याच्या हातून 2017 लिहिलं जाणार नाही. अट एका ओळीची आहे, पण काम करून आलेला आणि मथळे वाचून आलेला यांच्यातला फरक ती उघडा करते.

हाच विषय घेऊन टिपण नव्याने कसं लिहावं? समजा, लेखक म्हणतो: ‘परवाना-पुस्तक हाती आल्यानंतर ग्रामसभेला बांबूची विक्री स्वतः करावी लागली. किंमत कोण ठरवतं, ठराव कसा होतो, मजुरी आणि गावाचा वाटा कसा वेगळा काढतात, हे मी एका हंगामापुरतं पाहणार आहे. ग्रामसभेची नोंदवही पाहायची परवानगी मिळाली आहे. खरेदीदाराची बाजूही घेईन. शेजारच्या गावांशी तुलना करणार नाही, कारण तिथे मी गेलेलो नाही.’ इथे दीपस्तंभ नाही आणि प्रेरणादायी प्रवासही नाही. एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर कुठे मिळेल ते सांगितलंय, आणि लेख कुठे थांबेल तेही सांगितलंय. हे शेवटचं वाक्य मला सगळ्यांत आश्वासक वाटतं. कमकुवत टिपणाला सगळंच सांगायचं असतं.

आकड्यांबाबतही असंच आहे. तेंदूच्या हंगामावर लिहिताना बरेच जण दोन राज्यांतले मानक गोणीचे दर शेजारी ठेवतात आणि ‘अन्याय’ दाखवतात. गोणी दोन्हीकडे हजार पुड्यांची असते, पण महाराष्ट्रातला पुडा 70 पानांचा आणि मध्य प्रदेशातला 50 पानांचा. एकीकडे गोणीत सत्तर हजार पानं आहेत आणि दुसरीकडे पन्नास हजार, म्हणून दर पानांच्या हिशोबाने तपासल्याशिवाय तुलनेला अर्थ उरत नाही. फडीवर एक सकाळ घालवलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

गैरसमज: टिपण पाठवलं की कल्पना चोरीला जाते, आणि लेख छापला की तो मासिकाचा होतो.

यातलं पहिलं भय थोडं खरं आहे. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, ती ज्या शब्दांत मांडली त्या मांडणीला मिळतो. म्हणून ‘ताडोबाच्या बफरमधल्या मोहफुलांवर लिहिणार’ एवढीच कल्पना असेल, तर तिचं रक्षण कोणी करणार नाही. पण तुमच्याजवळ नोंदी आणि माणसं असतील, तर चोरणाऱ्यापाशी फक्त विषय जातो. भक्कम टिपणाला तेच खरं संरक्षण असतं.

दुसरी भीती बहुतांशी निराधार आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरून लेख पाठवणारा लेखकच त्याचा पहिला मालक असतो. हक्क हस्तांतरित करायचा तर तो लेखी आणि सहीनिशी लागतो. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची मानली जाते. म्हणून सूचनांमध्ये ‘प्रकाशित साहित्याचे सर्व हक्क आमचे’ अशी ओळ दिसली, तरी तुमची सही झाल्याशिवाय हक्क जात नाही. सही करण्याआधी मात्र ती ओळ दोनदा वाचावी.

शब्दमर्यादेबद्दल फार बोलायला नको. ती पानात बसण्यासाठी असते, तुमच्या प्रतिभेची परीक्षा म्हणून नाही. पंधराशे मागितले आणि चार हजार आले, तर संपादक ते कापेल किंवा परत करेल, आणि दोन्हीत लेखकच चिडेल.

गैरसमज: आडवळणाच्या गावातून पाठवलेलं वाचलंच जात नाही.

गडचिरोलीत राहून 1989 मध्ये राणी आणि अभय बंग यांनी सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. दोन खेड्यांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली होती आणि त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले होते. वैद्यकीय निबंध आणि दिवाळी अंकातला लेख या निराळ्या गोष्टी आहेत, हे मान्य. पण ‘ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्याची शोकांतिका’ असं टिपण त्या नियतकालिकाने उघडूनही पाहिलं नसतं. दोन खेडी, मोजलेल्या स्त्रिया आणि तपासण्याची पद्धत इतकं अरुंद असल्यामुळेच ते काम वाचलं गेलं. गाव आडवळणाचं होतं, पण आकडा दुसऱ्या कुणाजवळ नव्हता.

गैरसमज: सूचना कडक केल्या की अंक चांगला होतो.

हा मात्र संपादकांचा गैरसमज आहे. कडक पान निष्काळजी लेखकाला अडवतं, पण ते आणखी एका जातीच्या माणसालाही अडवतं. ज्याला विषय खोलवर ठाऊक आहे, पण दीडशे शब्दांचं टिपण कसं लिहायचं हे कधी कुणी सांगितलेलं नाही, असा तो माणूस असतो. तेंदू फडीवरचा मुन्शी, वडसा परिसरात झाडीपट्टीच्या मंडळांना तारखा देणारा एजंट, बिटावर वाघाचे माग मोजणारा वनरक्षक, यांच्याकडून टिपण येत नाही. येतं ते त्यांच्याबद्दल, शहरातल्या कुणाचं तरी.

अट कुठे जास्त झाली ते ओळखायचीही एक खूण आहे. आलेली सगळी टिपणं नीटनेटकी असतील, शब्दमर्यादेत असतील, प्रत्येकापुढे साल-संदर्भ असेल, आणि तरी त्यांतलं एकही तुमच्यापर्यंत पूर्वी न पोचलेली गोष्ट सांगत नसेल, तर चाळणीने दाणे अडवलेत. अशा वेळी अटी सैल करून भागत नाही, कारण मग दीपस्तंभ परत येतात. दुसरी वाट ठेवावी लागते. माझ्या पसंतीची ओळ ही: ‘लिहिणं जमत नसेल, पण सांगण्यासारखं असेल, तर गाव, काम आणि दूरध्वनी कळवा, आमचा माणूस येऊन ऐकेल व लिहून घेईल, आणि छापण्याआधी वाचून दाखवेल.’ तिला खर्च येतो. नागपूरहून धानोऱ्याला जाऊन-येऊन एक माणूस दोन दिवस अडकतो आणि मजकूर एकाच पानाचा मिळतो. म्हणून ही ओळ फार थोड्या निवेदनांत दिसते.