आत्याचा सिक्युरिटी कोड बदलतो तेव्हा

पुण्यातली एक भाची सकाळी व्हॉट्सॲप उघडते. साताऱ्याच्या आत्याच्या चॅटमध्ये मधोमध एक बारीक ओळ आलेली असते: आत्याचा सिक्युरिटी कोड बदलला आहे. आत्या हॅक झाली की काय?

बहुतेक वेळा झालेलं असतं एवढंच, की आत्याला मुलाने नवा फोन घेऊन दिलेला असतो.

व्हॉट्सॲपवरचे निरोप 2016 पासून दोन्ही टोकांच्या फोनखेरीज कुणाला वाचता येऊ नयेत असे बंद होऊन जातात. त्यासाठीची किल्ली प्रत्येक फोन स्वतः तयार करतो. दोघांच्या किल्ल्यांवरून 60 आकड्यांची एक खूण बनते, तोच हा कोड. फोन बदलला किंवा ॲप काढून पुन्हा टाकलं की किल्ली नवी होते, आणि अर्थातच कोडही. ज्यांनी ही सूचना सेटिंगमध्ये चालू ठेवली आहे, त्यांना ती ओळ दिसते.

अडचण अशी, की आत्याचा नंबर दुसऱ्याने आपल्या फोनवर चालू केला तरी हुबेहूब हीच ओळ येते. ‘चुकून तुझ्या फोनवर सहा आकडी कोड आलाय, पाठव ना’ असं सांगून भामटे तो ओटीपी काढून घेतात आणि खातं त्यांच्या फोनवर जातं. कधी दुकानातून त्याच नंबरचं दुसरं सिमच काढलं जातं. ओळ कारण सांगत नाही. ते पुढच्या निरोपांवरून ताडावं लागतं. लगेच पैशांची मागणी, घाई, ‘फोन करू नकोस, मीटिंगमध्ये आहे’ (रिटायर झालेल्या आत्याला कसली मीटिंग?) असं आलं, तर काळजीचं कारण आहे.

मग काय करायचं? साधा फोन लावायचा, व्हॉट्सॲपवरून नाही. ‘आत्या, फोन बदललास का?’ ‘हो गं, परवाच’ असं ओळखीच्या आवाजात आलं की बहुतेक वेळा विषय संपतो. गोपनीय काही पाठवायचं असेल, तर तिच्या नावावर टॅप करून एन्क्रिप्शनमध्ये जायचं आणि भेटल्यावर क्यूआर कोड स्कॅन करायचा, किंवा फोनवर आकडे वाचून जुळवायचे. ते आकडे त्याच चॅटमध्ये मागवण्यात मात्र अर्थ नाही. पलीकडे चोरच असेल, तर तोही बरोबर आकडे पाठवेल.

आत्या ‘नाही गं, फोन तोच आहे, पण व्हॉट्सॲप आपोआप बंद पडलंय’ म्हणाली, तर खातं गेलं आहे. तिने आपल्या नंबरने पुन्हा नोंदणी करून एसएमएसने आलेला सहा आकडी कोड टाकला, की चोर बाहेर फेकला जातो. चोराने मधल्या काळात स्वतःचा पिन लावून ठेवला असेल, तर तिला आत शिरायला सात दिवस थांबावं लागतं. पण चोर तोवर बाहेरच राहतो. सिमच दुसऱ्याने काढलं असेल, तर आधी मोबाइल कंपनीकडे धाव घ्यावी लागते.

उलटंही घडतं. आत्याचा उघडा फोनच कुणाच्या हाती लागला, तर किल्ली तीच राहते, आणि भाचीच्या चॅटमध्ये कसलीच ओळ येत नाही.