अडखळणाऱ्या प्रिव्ह्यूवर तीन उपाय

लग्नाचं तासभराचं चित्रीकरण फोनवर 4K मध्ये झालं आहे. जुन्या लॅपटॉपवर प्रीमिअर प्रोमध्ये ते टाइमलाइनवर टाकलं की अंतरपाट दूर होतो न होतो तोच चित्र गोठतं, आवाज मात्र पुढे निघून जातो. ‘रॅम वाढवा’ हा सल्ला लगेच मिळतो. पण आधी अडतं कुठे ते पाहावं.

फोन फाइल लहान ठेवण्यासाठी प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. मधूनमधून एक पूर्ण चित्र आणि मधल्या चित्रांत बहुतेक फक्त बदल, अशी ही मांडणी असते. संकलनात आपण मध्येच कुठेतरी उडी मारली की संगणकाला मागच्या पूर्ण चित्रापासून हिशेब करत यावं लागतं. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर शंभर टक्क्यांवर दिसत असेल, तर बहुधा हाच प्रकार आहे.

यावर उपाय प्रॉक्सी, म्हणजे फुटेजची हलकी नक्कल. क्लिपवर राइट-क्लिक करून `Proxy > Create Proxies` निवडा, फॉरमॅट प्रोरेस प्रॉक्सी ठेवा आणि आकार निम्मा करा. 4K च्या चित्रात सुमारे 83 लाख पिक्सेल असतात, या नकलेत साधारण 21 लाख. शिवाय नकलेतलं प्रत्येक चित्र पूर्ण असतं. त्यामुळे जागा मात्र लागते: सेकंदाला 25 चित्रांच्या तासभराच्या फुटेजला साधारण 17 जीबी. नकला रात्री तयार करायला लावाव्यात. नंतर `Toggle Proxies` हे बटण निळं दिसलं की नक्कल वापरात आहे.

प्रिव्ह्यूचं रिझोल्यूशन 1/2 किंवा 1/4 करणं सोपं आहे, पण त्याचा खरा फायदा रंगसुधारणा, इफेक्ट, एकावर एक थर यांच्या गणिताला होतो. फोनची फाइल उलगडण्याचं मूळ ओझं त्यानं फारसं हलकं होत नाही. म्हणून साधी क्लिपही अडखळत असेल, तर हा उपाय पुरत नाही.

तिसरा अडथळा डिस्कचा. फिरत्या हार्ड डिस्कवर फुटेज, नकला आणि कॅश एकत्र असले की तिचं वाचणारं डोकं सतत इकडून तिकडे धावतं. प्रोसेसर निवांत आणि डिस्क शंभर टक्के, ही त्याची खूण. `Preferences > Media Cache` मध्ये जाऊन कॅश वेगळ्या एसएसडीवर न्यावी. पेन ड्राइव्ह चालणार नाही, लिहिताना तो फार मंदावतो.

नकलेत फोकस फसवा दिसतो. चेहरा तीक्ष्ण आहे का, हे ठरवताना प्रॉक्सी बंद करून पाहा. अंतिम व्हिडिओ मूळ फाइलवरूनच तयार होतो, तेव्हा प्रॉक्सी झाल्या म्हणून मूळ फुटेज पुसू नका.