जखम भरली म्हणजे उपदंश गेला, असे नाही

उपदंश, म्हणजे सिफिलिस, फसवतो तो आपोआप बऱ्या होणाऱ्या लक्षणांनी. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी जननेंद्रियावर, गुदद्वाराशी किंवा तोंडात एक जखम होते. ती सहसा दुखत नाही आणि काही आठवड्यांत औषधाशिवायच भरून येते. रुग्ण निर्धास्त होतो, पण तोवर जंतू रक्तात पसरलेले असतात. पुढे अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर न खाजणारे चट्टे उठतात. तेही मावळतात. त्यानंतर आजार वर्षानुवर्षे सुप्त राहतो आणि काहींमध्ये पुढे हृदयाची महाधमनी किंवा मेंदू पोखरतो. डोळे, कान आणि मेंदूला मात्र तो कोणत्याही टप्प्यात गाठू शकतो.

समजा, चट्टे घेऊन एक तरुण दवाखान्यात आला. रक्ताची व्हीडीआरएल चाचणी १:६४ आली, म्हणजे रक्तद्रव ६४ पट पातळ केला तरी ती पॉझिटिव्ह येते. संसर्ग वर्षभराच्या आतला असल्याने त्याला बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिट एकदाच पुरतात. ॲलर्जीची चौकशी करून १२ लाखांचे एकेक इंजेक्शन दोन्ही कुल्ल्यांच्या स्नायूंत देतात. हा जंतू फार सावकाश, साधारण तीस तासांनी दुप्पट होतो. म्हणून स्नायूत साठून आठवडे-दोन आठवडे झिरपत राहणारे औषध लागते. संसर्ग जुना असेल किंवा कधीचा ते ठाऊक नसेल, तर हाच डोस दर आठवड्याला, असा तीनदा देतात. मेंदू, डोळे वा कानांत आजार असेल, तर हे इंजेक्शन पुरत नाही. रुग्णालयात शिरेतून वेगळे पेनिसिलिन द्यावे लागते.

त्या रात्री तरुणाला थंडी वाजून ताप आला. जंतू एकदम मरू लागले की असे होते. एका दिवसात ते ओसरते. पत्नीचीही तपासणी आणि उपचार झाले. गरोदर स्त्रीला तर पेनिसिलिनच द्यावे लागते, कारण बाळाचे संरक्षण त्यानेच होते.

सहा महिन्यांनी आकडा १:१६ झाला, वर्षाने १:४. चौपट उतार, म्हणजे ६४ वरून १६, ही उपचार लागू पडल्याची खूण. जुन्या आजारात त्याला दोन वर्षेही लागतात. काहींचा आकडा १:२ सारख्या खालच्या पातळीवर अडून राहतो. तो स्थिर असेल, तर केवळ त्यावरून आजार परतला असे ठरत नाही.

मध्येच त्याने दुसरीकडे टीपीएचए चाचणी केली. ती पॉझिटिव्ह आल्याने तो हादरला. पण ही चाचणी बरे झाल्यावरही बहुतेकांत आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. बरे झालो का, हे ती सांगत नाही.

म्हणून अहवालात नुसते ‘पॉझिटिव्ह’ नको, आकडा मागून घ्या. चाचणी दर वेळी तीच आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करा. उतरलेला आकडा पुन्हा चौपट चढून टिकला, तर नवा संसर्ग झाला आहे किंवा उपचार अपुरे पडले आहेत. एकदा झाला म्हणून उपदंश पुन्हा होत नाही, असे नसते.