पासवर्ड बदलला, तरी पेज पुन्हा का गेलं?

मंडईच्या आसपासचं एखादं दुकान डोळ्यांसमोर आणा. तुळशीबागेतलं दागिन्यांचं असेल किंवा बोहरी आळीतलं किरकोळ सामानाचं. गल्ल्याशेजारी एकच लॅपटॉप असतो. त्यावर बिलं होतात, जीएसटी भरला जातो आणि दुकानाचं फेसबुक पेजही तिथूनच चालतं. दिवाळीच्या आधी त्याच पेजवर चार पैसे टाकून जाहिरात केली जाते, त्यासाठी कार्ड जोडून ठेवलेलं असतं. कोणीतरी त्या लॅपटॉपवर एखादं फुकटचं एक्स्टेन्शन टाकतं. व्हिडिओ उतरवून घेणारं म्हणा, स्क्रीनशॉट काढणारं म्हणा. आठवड्याभरात पेजचं नाव बदलतं, अनोळखी अॅडमिन दिसू लागतात आणि कार्डावरून भलत्याच जाहिरातींचे पैसे कापले जातात.

असं झालं की आजूबाजूचे सगळे पहिला सल्ला देतात, ‘पासवर्ड बदल.’ सल्ला चुकीचा नाही. पण एक्स्टेन्शन जागेवर असताना आधी तेवढंच केलं, तर पेज हातात येऊन पुन्हा जातं. असं का होतं, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण या विषयातले बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

गैरसमज: पासवर्ड कोणाला सांगितला नाही, शिवाय ओटीपी चालू आहे, म्हणजे खातं सुरक्षित आहे.

एकदा लॉगिन केलं की फेसबुक तुम्हाला दर क्लिकला पासवर्ड विचारत नाही. ते ब्राउझरमध्ये कुकी नावाची छोटी नोंद ठेवतं. त्यातल्या दोन महत्त्वाच्या: `c_user` मध्ये तुमच्या खात्याचा क्रमांक असतो आणि `xs` मध्ये चालू सत्राची गुप्त खूण. ही जोडी दाखवणारा ब्राउझर म्हणजे तुम्हीच, असं फेसबुक धरून चालतं. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर जो बिल्ला देतो त्याला चप्पल मिळते, तसंच हे आहे. ओटीपी लॉगिन करताना विचारला जातो आणि कुकी त्याच्या नंतर तयार होते. त्यामुळे कुकी ज्याच्या हाती लागली, त्याला बहुतेक वेळा ओटीपीची गरजच पडत नाही.

साध्या वेबसाइटला दुसऱ्या साइटची कुकी वाचता येत नाही. एक्स्टेन्शनला मात्र योग्य परवानग्या मिळाल्या की ती वाचता येते, आणि त्या परवानग्या आपणच ‘Add extension’ दाबताना देतो. त्या वेळी `Read and change all your data on all websites` अशी ओळ दिसते. तिचा अर्थ शब्दशः घ्या: तुम्ही उघडाल ते प्रत्येक पान हे एक्स्टेन्शन वाचू शकतं आणि बदलूही शकतं. जाहिराती अडवणाऱ्या चांगल्या एक्स्टेन्शनलाही हीच परवानगी लागते, म्हणून नुसत्या त्या ओळीवरून कोणी चोर ठरत नाही. पण हवामान दाखवणाऱ्या किंवा पानाचा रंग बदलणाऱ्या एक्स्टेन्शनला ती सगळ्या साइटवर कशाला हवी, हा प्रश्न विचारायलाच हवा.

गैरसमज: क्रोमच्या अधिकृत स्टोअरमधून घेतलं आणि ते सांगितलेलं काम करतं, म्हणजे ते खरं.

मार्च २०२३ मधलं एक प्रकरण गार्डिओ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी उलगडून दाखवलं होतं. चॅटजीपीटी झटपट उघडून देणारं एक एक्स्टेन्शन ३ मार्चपासून क्रोमच्या अधिकृत स्टोअरवर होतं. दिवसाला दोन हजारांहून जास्त लोक ते घेत होते आणि त्याची जाहिरात फेसबुकवरच चालू होती. सांगितलेलं काम ते खरोखर करायचं, त्यामुळे कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. पडद्याआड मात्र ते ब्राउझरमधल्या कुकी गोळा करायचं आणि फेसबुकचं लॉगिन सापडलं की खात्याची माहिती काढायचं: व्यवसायाचं पेज आहे का, जाहिरातीचं खातं आहे का, त्यात पैसे किती. भरभक्कम पेज दिसलं की पुढचा डाव सुरू व्हायचा. त्या खात्याला दोन बनावट फेसबुक अॅप आपोआप जोडली जायची, `portal` आणि `msg_kig` या नावांची, आणि त्यांना भरपूर अधिकार दिले जायचे. परवानगीच्या पडद्यावर होकार देणारा माणूस नसायचाच, ते क्लिकही एक्स्टेन्शनच करायचं. अशी बळकावलेली खाती मग त्याच एक्स्टेन्शनची जाहिरात करायला वापरली जायची. ९ मार्चला ते स्टोअरवरून काढलं गेलं. त्याच महिन्यात त्याच धर्तीचं दुसरं एक्स्टेन्शन पकडलं गेलं, तोवर ते नऊ हजारांहून जास्त लोकांकडे पोहोचलं होतं.

इथे ती दोन अॅप लक्षात ठेवायची. एक्स्टेन्शन काढलं तरी ती फेसबुकच्या बाजूला तशीच उरतात. म्हणजे चोराकडे दुसरी किल्ली आधीच तयार असते.

गैरसमज: हे एक्स्टेन्शन आम्ही वर्षानुवर्षं वापरतोय, त्यात आता काय होणार?

एक्स्टेन्शन न विचारता आपोआप अपडेट होतात, आणि काल चांगलं असलेलं आज बिघडू शकतं. सायबरहेवन ही डेटाच्या सुरक्षिततेचं काम करणारीच कंपनी. २४ डिसेंबर २०२४ रोजी तिच्या एका कर्मचाऱ्याला गूगलच्या नावाने मेल आला की तुमचं एक्स्टेन्शन स्टोअरवरून काढलं जाणार आहे. लिंकवर गूगलचंच खरं परवानगीचं पान होतं आणि त्यात `Privacy Policy Extension` नावाच्या अॅपला होकार मागितला होता. होकार दिला गेला. पासवर्ड चोरीला गेलाच नाही, तरी चोरांना एक्स्टेन्शनची नवी आवृत्ती स्टोअरवर चढवायचा हक्क मिळाला. नाताळच्या दिवशी २४.१०.४ ही बिघडवलेली आवृत्ती साधारण एक दिवसभर चालू होती. त्या वेळात ज्यांचा ब्राउझर अपडेट झाला, त्यांच्याकडे ती पोहोचली. एक्स्टेन्शन सुमारे चार लाख लोक वापरत होते, आणि चोरांचं लक्ष होतं ते फेसबुकच्या जाहिरात खात्यांवर. त्याच मोहिमेत तीसहून जास्त एक्स्टेन्शन बाधित झाल्याचं पुढे आलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जे एक्स्टेन्शन रोज लागत नाही, ते ब्राउझरमध्ये नकोच. ‘राहू दे, कधीतरी लागेल’ हीच इथली खरी जोखीम आहे.

ओळखायचं कसं

पेजच्या बाजूने दिसणाऱ्या खुणा अशा: तुम्ही न केलेले लाइक, पोस्ट किंवा मेसेज, पेजच्या अॅडमिनमध्ये नवं नाव, जाहिरात खात्यात अनोळखी मोहीम, लॉगिनच्या यादीत भलतंच शहर. एवढ्यावरून एक्स्टेन्शनच दोषी ठरत नाही, पण तिकडे बघायला कारण मिळतं.

मग ब्राउझरच्या वरच्या पट्टीत `chrome://extensions` टाइप करा. एज वापरत असाल तर `edge://extensions`, फायरफॉक्समध्ये `about:addons`. यादीतलं प्रत्येक नाव वाचा आणि हे कोणी, कशासाठी टाकलं ते विचारा. उत्तर येत नसेल तर ‘Details’ उघडा. तिथे साइटवरचे अधिकार दिसतात आणि ‘Source’ या ओळीत ते आलं कुठून ते कळतं. स्टोअरऐवजी `Unpacked extension` असं लिहिलेलं असेल, तर कोणीतरी ते फोल्डरमधून हाताने चढवलेलं आहे. दुकानाच्या लॅपटॉपवर त्याला काहीच कारण नसतं.

काढायचं बटणच चालत नसेल किंवा काढलेलं पुन्हा येत असेल, तर `chrome://policy` बघा. यादीत `ExtensionInstallForcelist` दिसत असेल आणि लॅपटॉप कुठल्या कंपनीचा नसून तुमचा स्वतःचा असेल, तर कुठल्या तरी प्रोग्रामने ते एक्स्टेन्शन सक्तीने बसवलंय. अशा वेळी ती नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीतून काढावी लागते. ते काम जाणकारालाच करू द्या.

इन्कॉग्निटोमध्ये एक्स्टेन्शन सहसा चालत नाहीत. त्यामुळे पानावर आपोआप उघडणाऱ्या खिडक्या तिथे थांबल्या, तर दोष एक्स्टेन्शनचा, हे पटकन कळतं. कुकीची चोरी मात्र डोळ्यांना दिसतच नाही, तेव्हा इन्कॉग्निटोमध्ये सगळं ठीक दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. अँटिव्हायरसचंही तसंच. एक्स्टेन्शन ब्राउझरच्या आत, तुम्ही दिलेल्या परवानगीनेच काम करत असल्यामुळे ते अनेकदा अँटिव्हायरसच्या नजरेतून सुटतं.

काढताना क्रम महत्त्वाचा

पैसे आधी वाचवा. बँकेला फोन करून जाहिरातीला जोडलेलं कार्ड बंद करा. पेजवर अजून हक्क असेल तर चालू जाहिराती थांबवा. हे सगळं फोनवरून करा, त्या लॅपटॉपवरून नाही. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालतच नाहीत, म्हणून फोन इथे भरवशाचा.

नंतर लॅपटॉपवर संशयित एक्स्टेन्शनच्या ‘Details’ पानाचा स्क्रीनशॉट घ्या. त्यातला बत्तीस अक्षरांचा आयडी दिसला पाहिजे, तक्रार करताना तो लागतो. नावं सारखी असू शकतात, आयडी नाही. मग ‘Remove’ दाबा. क्रोममध्ये सिंक चालू असेल तर तेच एक्स्टेन्शन घरच्या कॉम्प्युटरवरही पोहोचलेलं असू शकतं, तिथेही बघा.

आता फोनवरून फेसबुकच्या ‘Password and security’ मध्ये जाऊन सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा आणि मगच पासवर्ड बदला. लॉगआउट केल्याने चोरलेली कुकी निकामी होते. हा क्रम उलटा झाला आणि एक्स्टेन्शन लॅपटॉपवर राहिलं, तर नव्या पासवर्डने लॉगिन करताच नवी कुकीही त्याच वाटेने जाते. सुरुवातीला म्हटलं ते ‘पुन्हा गेलेलं’ पेज असंच जातं.

त्यानंतर खात्याला जोडलेला ईमेल आणि फोन नंबर तुमचाच आहे ना, ते तपासा. `Apps and websites` आणि `Business integrations` या दोन्ही ठिकाणची अनोळखी नावं काढा. बिझनेस सेटिंगमध्ये `People` आणि `Partners` बघा. दुसऱ्याच कंपनीला भागीदार म्हणून जोडून पेजवर ताबा ठेवता येतो आणि ती यादी सहसा कोणी उघडतच नाही.

खात्यातून पूर्ण बाहेर फेकले गेले असाल, तर `facebook.com/hacked` या पत्त्यावरून सुरुवात करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. ‘पेज मिळवून देतो, आधी पैसे पाठवा’ म्हणणारे मेसेज याच काळात येतात, त्यांना उत्तर देऊ नका.

एवढं करूनही संशयास्पद एक्स्टेन्शन सापडलं नाही, तर कुकी चोरणारा प्रोग्राम विंडोजमध्येच असू शकतो. डकटेल आणि नोडस्टीलर हे त्याच जातीचे, आणि त्यांचाही रोख फेसबुकच्या व्यावसायिक खात्यांवर होता. अशा वेळी महत्त्वाच्या फाइल बाजूला काढून विंडोज नव्याने टाकलेलं बरं, आणि ते होईपर्यंत त्या लॅपटॉपवर फेसबुक किंवा बँक उघडू नका.

पेज परत मिळालं की क्रोममध्ये एक वेगळं प्रोफाइल तयार करा. त्यात एकही एक्स्टेन्शन टाकू नका आणि पेजचं काम फक्त तिथूनच करा. प्रोफाइल वेगळं असलं की कुकीही वेगळ्या राहतात. दुकानाचं असो की गणेश मंडळाचं, पेजवर पूर्ण हक्क असलेला विश्वासातला दुसरा माणूस आजच नेमून ठेवा. तुमचं खातं गेलं, तर चोराला पेजवरून काढायला तोच उरतो.