जुन्या व्हिडिओला नवं शीर्षक

समजा, उकडीच्या मोदकांच्या जुन्या व्हिडिओचं शीर्षक आहे ‘आमचा गणपती, भाग ३’. आत उकड कशी काढावी ते नीट दाखवलंय, पण शोधणाऱ्याला ते कळणार कसं?

आधी यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओचे ‘ट्रॅफिक सोर्स’ उघडून लोक कोणते शब्द शोधून तिथवर आले ते पाहावं. तिथे ‘मोदक का फुटतात’ दिसलं, तर नवं शीर्षक हातात आलंच: ‘उकडीचे मोदक का फुटतात? उकड काढण्याची पद्धत’. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत हेच साध्या वाक्यांत यावं. टॅग्जवर वेळ घालवू नये. यूट्यूबच्याच म्हणण्यानुसार त्यांचा उपयोग मुख्यतः चुकीच्या स्पेलिंगपुरता, म्हणजे ‘ukdiche modak’सारख्या शब्दांसाठी.

थंबनेलचा किमान अर्धा भाग एका सेकंदापेक्षा जास्त वेळ पडद्यावर राहिला की एक इम्प्रेशन धरलं जातं. बदलानंतर हा आकडा वाढला, तरी लगेच हुरळू नये. गणेशोत्सवाच्या तोंडावर मोदकांचा शोध तसाही वाढतो, म्हणून तुलना मागच्या वर्षीच्या गणेशोत्सवाआधीच्या तितक्याच दिवसांशी करावी.

इम्प्रेशन्स वाढली पण प्रेक्षक पहिल्याच मिनिटात निघून जात असतील, तर शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर व्हिडिओत फार उशिरा येत असावं.