सोमवारची पाटी उतरवताना

महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत 'सोमवारी सलून बंद' हे कुणी सांगावं लागत नाही. रविवारी सकाळपासून खुर्ची रिकामी होत नाही, म्हणून सोमवारी कारागीर पाय मोकळे करतो. आता मात्र मॉलमधली आणि साखळी पद्धतीची सलूनं सातही दिवस उघडी असतात, आणि शेजारच्या छोट्या मालकालाही सोमवारचं गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नसतं. मग एका संध्याकाळी आरशाशेजारी कागद चिकटतो : 'उद्यापासून सलून रोज चालू राहील. सुट्टी रोटेशनने मिळेल. वेळ पाळावी.' या तीन वाक्यांनी अर्धा स्टाफ रुसतो. सुट्टी मिळणार हे कळलं, पण कुणाला, कोणत्या तारखेला आणि दोन सुट्ट्यांमध्ये किती दिवस जाणार हे मालकानेच मांडून पाहिलेलं नसतं.

आपण ते मांडून पाहू. समजा, सहा जणांचं सलून आहे. तिघे कटिंग-दाढी-कलर करतात, तिघी फेशियल, वॅक्सिंग, थ्रेडिंग पाहतात. आजवर सगळे सकाळी दहा ते रात्री नऊ थांबत. जेवणाचा तास वगळला तरी रोजचे दहा तास, म्हणजे सहा दिवसांचे साठ. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्याची मर्यादा ४८ तास ठेवली आहे. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती हे २०१७ च्या मूळ कायद्यात होतं, आणि आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी हेही त्यातच आहे. मुळात हा कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी, आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही संख्या वीसवर नेण्याला मंजुरी दिली. त्यामुळे आपलं सहा जणांचं सलून त्यातून निसटतं. तरी पाळीच्या वेळा ठरवताना ४८ चा आकडा समोर ठेवलेला बरा. उभ्याने काम करणाऱ्याचे गुडघे कामगारसंख्या मोजत नाहीत.

दोन पाळ्या करू : सकाळची साडेआठ ते साडेपाच, दुपारची बारा ते नऊ. दोन्हींत एक तास जेवणाचा, म्हणजे काम आठ तासांचं आणि सहा दिवसांचे बरोबर ४८. दुपारी बारा ते साडेपाच सगळे हजर असतात, आणि एकेकाला जेवायला सोडायचं ते याच वेळात. नोटिशीत 'जेवणाची सुट्टी एक तास' एवढंच लिहिलं, तर गर्दीच्या दिवशी ती चारपर्यंत ढकलली जाते. साडेआठला आलेल्याचं जेवण दीडच्या आत सुरू व्हायलाच हवं, तेव्हा वेळ लिहावी : सकाळच्या पाळीला साडेबारा ते दीड, दुपारच्या पाळीला चार ते पाच.

आता सुट्टी. शनिवार-रविवार कुणालाच मोकळं सोडता येत नाही. मंगळवारी आणि गुरुवारी केस न कापणारी घरं अजून पुष्कळ आहेत, सोमवारी तर गिऱ्हाईक सवयीनेच येत नाही. म्हणून सोमवार, मंगळवार, गुरुवार हे तीन दिवस निवडायचे आणि रोज दोघांना सुट्टी द्यायची. जोडीत एक कटिंगचा आणि एक ब्यूटीची असावी. दोन्ही कारागीर कटिंगचेच सुटले, तर मागे एकच कात्री उरते आणि तीही एकाच पाळीत.

हा दिवस दर आठवड्याला पुढे सरकवला, तर काय होतं? सोमवारनंतर पुढच्या आठवड्यात मंगळवार : मधे सात दिवस काम. मंगळवारनंतर गुरुवार : आठ दिवस. गुरुवारनंतर पुन्हा सोमवार : फक्त तीन. उलट्या दिशेने फिरवलं, तर सोमवारनंतर गुरुवार येतो आणि मधे नऊ दिवसांची ओळ लागते. सुट्ट्या दोन्हीकडे सारख्याच, पण पुढे सरकवण्यात सर्वांत लांब ओळ एका दिवसाने कमी होते. आणि दर आठवड्याऐवजी दर चार आठवड्यांनी दिवस बदलला, तर ती लांब ओळ बारा आठवड्यांत एकदाच वाट्याला येते. शिवाय मुलाच्या शाळेची पालकसभा किंवा आईच्या डॉक्टरची तारीख महिनाभर आधी ठरवता येते. माझं मत चार आठवड्यांच्या बाजूचं आहे. कायम गुरुवारच मिळाला अशी तक्रार होऊ नये एवढ्यासाठीच तर रोटेशन करायचं, आणि तेवढं काम महिन्याच्या फेऱ्यानेही होतं.

भांडण होतं ते पहिल्याच आठवड्यात. समजा, नवी पद्धत सोमवार १ जून २०२६ पासून सुरू होते आणि शेवटचा बंद सोमवार २५ मे. पहिल्या जोडीला १ जूनला सुट्टी, दुसरीला २ जूनला, तिसरीला ४ जूनला. म्हणजे तिसऱ्या जोडीने २६ मे ते ३ जून सलग नऊ दिवस उभं राहायचं. कागदावर प्रत्येक आठवड्यात एक सुट्टी दिसते, म्हणून मालकाला हे लक्षात येत नाही आणि त्या दोघांना मात्र सातव्या दिवशी येतं. उपाय स्वस्त आहे : त्यांना २८ मे, गुरुवारी एक जादा सुट्टी द्यायची. मग ती ओळ सहा दिवसांची होते. पुढचा फेरा २९ जूनला बदलतो, तेव्हा दुसऱ्या जोडीच्या २३ जून आणि २ जुलै या सुट्ट्यांच्या मधे आठ दिवस पडतात. तिथे सोमवारी २९ जूनला अर्धा दिवस मोकळा दिला, तर गल्ल्याला फारसा फरक पडत नाही.

पाळीही बदलावी लागतेच, कारण वरकड कमाई संध्याकाळच्या आणि रविवारच्या गिऱ्हाइकांवर असते. पगाराखेरीज कामावर टक्केवारी मिळते, शिवाय टिप. कायम सकाळच्या पाळीत अडकलेल्याचा खिसा हलका राहतो. पण पाळी बदलायची ती सुट्टीनंतरच. रात्री नऊला कुलूप लावून बदलापूरला पोचणाऱ्याला दुसऱ्या दिवशी साडेआठला ठाण्यात उभं करायचं, तर दोन्ही प्रवास वजा जाता झोपेला फार थोडं उरतं. मधे सुट्टी असली की हा प्रश्नच उरत नाही.

या हिशेबानंतर लिहायची नोटीस लहानच असते :

'सोमवार १ जूनपासून सलून आठवड्याचे सातही दिवस सकाळी साडेआठ ते रात्री नऊ चालू राहील. आठवडा सोमवारी सुरू होतो असे धरावे. २८ जूनपर्यंत कुणाची कोणती सुट्टी आणि कोणती पाळी, हे खालच्या तक्त्यात नावापुढे तारखेसह लिहिले आहे. सायंकाळी सहानंतर स्ट्रेटनिंग, केराटिन सुरू करू नये. पाळी संपल्यावर हातातले काम पूर्ण करावे लागले, तर तो वेळ वहीत लिहावा. त्याचा दुप्पट दराने मोबदला मिळेल. सुट्टीची अदलाबदल आदल्या दिवशी दुपारपर्यंत, दोघांच्या सहीने.'

तक्त्यात 'अ गट, ब गट' न लिहिता नावं लिहावीत, कारण गट विसरले जातात. कारागिरांत उत्तर प्रदेश, बिहारकडचे बरेच असतात, म्हणून मराठीखाली हिंदी मजकूर हवा, आणि निदान दोन आठवडे आधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवावा. ग्रुपवर फोटो टाकला की झालं असं मालकाला वाटतं, पण अंगठा दाखवणारा प्रत्येक जण वाचतोच असं नाही. स्ट्रेटनिंगची अट काहींना खटकेल. पण लांब केसांचं ते काम तीन-चार तास खातं, आणि साडेसहाला सुरू केलं की नऊची पाळी दहाला सुटते.

दिवाळीच्या आठवड्यात हे तक्ते मोडणारच. त्यासाठीही एक ओळ आधीच हवी. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम घेतलं, तर बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत द्यावी, असं कायदा सांगतो. 'नंतर बघू' न लिहिता ती तारीखही त्याच कागदावर नावापुढे टाकावी.