हेडफोनमधला आपलाच उशिरा येणारा आवाज

यूएसबी माइक लॅपटॉपला जोडला, कानांवर हेडफोन चढवले आणि कथा वाचायला सुरुवात केली, की पुष्कळांचा दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच घोटाळा होतो. शब्द लांबतात, जीभ अडखळते, मध्येच थांबावंसं वाटतं. याचा सरावाशी फारसा संबंध नसतो. आपण बोललेला शब्द कानात उशिरा परत येत असतो. बर्नार्ड ली या अमेरिकन संशोधकाने 1950 च्या सुमारास हाच परिणाम नोंदवला होता. माणसाला त्याचाच आवाज सुमारे पाव सेकंद उशिरा ऐकवला, तर एरवी सरळ बोलणारा माणूसही तोतरं बोलू लागतो. आपण काय बोलतोय यावर कान सतत लक्ष ठेवून असतात. त्यांना शिळी बातमी मिळाली की तोंड गोंधळतं.

हा उशीर माइक करत नाही, संगणक करतो. यूएसबी माइकच्या आतच आवाजाचे आकडे बनतात, बहुतेक वेळा सेकंदाला 48,000. हे आकडे संगणक एकेक करून हाताळत नाही. ठराविक संख्येची थप्पी साठेपर्यंत थांबतो आणि मग ती पुढे सरकवतो. या थप्पीला बफर म्हणतात. बफर 512 आकड्यांचा असेल, तर तो भरायला जवळपास 11 मिलिसेकंद लागतात. आत येताना एक थप्पी आणि हेडफोनकडे परत जाताना दुसरी, असे 21 मिलिसेकंद झाले. त्यात ड्रायव्हर आणि यूएसबीचा स्वतःचा राखीव साठा मिळवावा लागतो. हा सगळा हिशोब ध्वनिमुद्रणासाठी नीट बसवलेल्या सॉफ्टवेअरचा. विंडोजमध्ये माइकच्या गुणधर्मांत Listen to this device अशी एक खूण असते. अनेक जण आवाज ऐकण्यासाठी तीच करतात, पण त्या वाटेने येणारा आवाज सहज जाणवण्याइतका मागे पडतो. त्यावर ब्लूटूथ हेडफोन असतील तर विषयच संपला, कारण ते स्वतःच शंभर-दोनशे मिलिसेकंद खातात.

मग बफर लहान करावा, हे ओघाने आलं. तो 64 वर आणला तर एका थप्पीला जेमतेम सव्वा मिलिसेकंद लागतो, पण तेवढ्या घाईत संगणकाला काम उरकावं लागतं. ते जमलं नाही की आवाजात चटचट ऐकू येते आणि ती मुद्रणातही उतरते. शिवाय थोडाथोडका उशीरही निरुपद्रवी नसतो. आपला आवाज कवटीच्या हाडांतून थेट कानाच्या आत पोचत असतो. हेडफोनमधला आवाज त्याच्या 5 मिलिसेकंद मागून आला, तर दोन्ही मिसळताना काही पट्ट्या एकमेकींना खोडतात. या उदाहरणात 100, 300, 500 हर्ट्झच्या आसपासचा आवाज पातळ होतो. बोलणं अडखळत नाही, पण आपलाच आवाज नळीतून आल्यासारखा लागतो आणि माणूस उगाच माइकला नावं ठेवतो.

खरा उपाय बऱ्याच माइकांच्या अंगावरच असतो, तो म्हणजे हेडफोनचं 3.5 मिलिमीटरचं भोक. ब्लू येती, सॅमसन क्यू2यू, ऑडिओ-टेक्निकाचा एटी2020यूएसबी+ यांना ते आहे. ब्लू स्नोबॉलला नाही. माइक घेताना रंग आणि स्टँड बघण्याआधी हे भोक बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. हेडफोन तिथे लावले की आवाज संगणकाची फेरी न मारता माइकमधूनच थेट कानाकडे वळतो. संगणकातलं संगीतही त्याच हेडफोनमध्ये हवं असेल, तर आवाजाचं आउटपुट म्हणूनही तोच माइक निवडावा लागतो. हे राहून गेलं की स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये आणि तानपुरा लॅपटॉपच्या स्पीकरमधून, अशी फाटाफूट होते. काही माइकांवर या दोहोंचं प्रमाण ठरवणारं वेगळं बटण असतं. ते पूर्णपणे संगणकाच्या बाजूला फिरवलेलं असेल, तर भोक असूनही थेट आवाज ऐकू येत नाही.

थेट वाट चालू झाल्यावरही घुमल्यासारखं वाटत असेल, तर बहुधा दोन्ही वाटा एकदम उघड्या आहेत. बोटाने माइकवर हलकी टिचकी मारावी. एकच टक् ऐकू आलं तर ठीक. टक्-टक् आलं तर दुसरं संगणकातून येतंय, म्हणून Listen to this device ची खूण काढावी. ऑडॅसिटीमध्ये Software playthrough चालू असेल तर तेही बंद करावं.

या सोयीत एक फसवणूक मात्र आहे. थेट वाटेचा संगणकाशी संबंध नसल्यामुळे कानात उत्तम आवाज येत असताना मुद्रण भलत्याच माइकवरून होत असू शकतं. सॉफ्टवेअरने लॅपटॉपचा अंगचा माइक धरलेला असतो आणि ते तासाभराच्या वाचनानंतर लक्षात येतं. म्हणून सुरू करण्यापूर्वी लॅपटॉपच्या कडेवर नखाने खरवडावं. पडद्यावरची पातळीची पट्टी जोरात उडाली, तर निवड चुकली आहे. हेडफोनच्या आवाजाचं बटणही मुद्रणाची पातळी बदलत नाही; ती गेनच्या बटणाने बदलते. कानात आवाज मोठा वाटतो म्हणून मुद्रणही भरघोस होतंय, असं धरून चालू नये.

गाणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण येते. समजा, तयार तालावर कुणी भावगीत गातंय. थेट वाटेमुळे स्वतःचा आवाज वेळेवर ऐकू येतो, गाणं तालात होतं. पण परत ऐकताना मात्र गाणारा मागे पडलेला दिसतो. कारण ताल संगणकातून कानापर्यंत यायला वेळ लागला आणि गाणं संगणकात शिरायलाही लागला. सॉफ्टवेअर ही तूट अंदाजाने भरून काढतं. ऑडॅसिटीत हा अंदाज उणे 130 मिलिसेकंद असा आधीच भरलेला असतो आणि तो प्रत्येकाच्या यंत्राला लागू पडेलच असं नाही.

तो मोजता येतो. Preferences मधलं Latency compensation शून्य करावं. ठोक्यांचा एक ट्रॅक तयार करावा, हेडफोनची एक वाटी माइकच्या तोंडाशी धरावी आणि ठोके वाजत असतानाच दुसऱ्या ट्रॅकवर मुद्रित करावेत. मग चित्र मोठं करून मूळ ठोका आणि मुद्रित ठोका यांच्यातलं अंतर बघावं. ते 92 मिलिसेकंद भरलं, तर त्या चौकटीत -92 लिहावं आणि पुन्हा एकदा मुद्रण करून दोन्ही ठोके एकाखाली एक येतात का ते पाहावं. बफर बदलला किंवा हेडफोन माइकमधून काढून लॅपटॉपला लावले, की हा आकडा पुन्हा मोजायचा.

माइकला भोकच नसेल, तर वाचनापुरता सोपा मार्ग म्हणजे हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज न घेणं. गाताना एक वाटी कानावरून सरकवून ठेवावी, दुसऱ्या कानात फक्त ताल घ्यावा. मोकळी वाटी गालाशी दाबून धरावी, नाहीतर तिच्यातला ताल माइकमध्ये गळतो आणि गाण्यातून तो नंतर काढता येत नाही.